पॅकिंग एफिशियन्सी (एससी, बीसीसी, एफसीसी): सॉलिड स्टेटच्या असाइनमेंटसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅकिंग एफिशियन्सी म्हणजे नक्की काय काढायचं असतं?

युनिट सेल म्हणजे एक घन डबा समजा, त्याची बाजू a. या डब्याच्या आत अणूंचा जेवढा भाग येतो त्याचं घनफळ काढायचं, डब्याच्या घनफळाने भागायचं आणि शंभरने गुणायचं, एवढंच. अणू म्हणजे कडक गोळा आणि त्याची त्रिज्या r, असं आपण धरून चालतो.

```
पॅकिंग एफिशियन्सी = Z × (4/3)πr³ / a³ × 100
```

Z म्हणजे एका युनिट सेलच्या वाट्याला पूर्ण किती अणू येतात ते. आता सूत्राकडे नीट बघा, त्यात वर r आहे आणि खाली a आहे. म्हणजे दोघांचं नातं कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. तिन्ही प्रकारात सगळा फरक इथेच आहे, a आणि r चं नातं काय? आणि हे नातं एकाच गोष्टीवरून ठरतं, कुठल्या रेषेवर अणू एकमेकांना चिकटलेत. असाइनमेंट सोडवताना प्रत्येक वेळी पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारा, बाकी सगळं नुसतं गणित आहे.

Z कसा मोजायचा? कॉर्नरला आठ अणू दिसतात मग Z आठ का नाही?

कारण कॉर्नरचा अणू एकट्या तुमच्या डब्याचा नसतो. क्रिस्टलमध्ये डबे सगळ्या बाजूंनी एकमेकांना लागून असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर आठ डबे येऊन भेटतात, चार खालचे आणि चार वरचे. तिथला गोळा आठही जणांत वाटला जातो आणि तुमच्या डब्यात त्याचा फक्त आठवा भाग येतो. आठ कोपरे गुणिले एक अष्टमांश, झाला पूर्ण एक अणू.

फेसच्या मध्यावरचा अणू दोन डब्यांत वाटला जातो म्हणून तो अर्धा धरायचा. बॉडीच्या मध्यावरचा अणू कोणाशीच वाटायचा नाही, तो अख्खा तुमचा.

म्हणून सिंपल क्युबिकमध्ये Z = 1, बॉडी सेंटर्डमध्ये कॉर्नरचा 1 आणि मधला 1 असे Z = 2, आणि फेस सेंटर्डमध्ये कॉर्नरचा 1 अधिक सहा फेसचे सहा अर्धे म्हणजे 3, एकूण Z = 4. बीसीसीमध्ये फेसवर काही नसतं आणि एफसीसीमध्ये बॉडीच्या मध्यावर काही नसतं, घाईघाईत आकृती काढताना हे दोन्ही एकत्र होतात, तेवढं बघा.

सिंपल क्युबिकचं डेरिव्हेशन सांगा.

हे सगळ्यात सोपं. इथे अणू फक्त कॉर्नरला आहेत आणि ते डब्याच्या कडेवर एकमेकांना चिकटतात. कडेच्या एका टोकाला एका अणूची त्रिज्या, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या अणूची त्रिज्या, मध्ये फट नाही. म्हणून

```
a = 2r
a³ = 8r³
एफिशियन्सी = (4/3)πr³ / 8r³ = π/6 = 0.5236
```

म्हणजे ५२.४ टक्के जागा भरली, ४७.६ टक्के रिकामी. जवळजवळ अर्धा डबा मोकळा राहतो. साध्या परिस्थितीत अशी रचना घेणारं मूलद्रव्य एकच आहे, पोलोनियम, त्याचं अल्फा रूप. बाकी धातू ही रचना टाळतात ते या आकड्यावरून समजतं, इतकी जागा रिकामी ठेवून अणूंना जेमतेम सहा शेजारी मिळतात.

बीसीसीमध्ये 4r कुठून येतं? हे मला कधीच समजलं नाही.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो बरोबरच आहे, कारण बऱ्याच नोट्समध्ये नुसतं √3a = 4r लिहून पुढे जातात. तर हे सावकाश बघूया.

मधला अणू डब्याच्या बरोबर मध्यावर बसलाय. तो आठही कॉर्नरच्या अणूंना चिकटलेला आहे. पण कॉर्नरचे अणू आपापसात चिकटत नाहीत, मधल्याने त्यांना थोडं लांब ढकललंय असं म्हणा. आता डब्याच्या एका कोपऱ्यातून निघून मध्यबिंदूतून जाऊन समोरच्या कोपऱ्यात पोचणारी रेषा घ्या, हाच बॉडी डायगोनल. या रेषेवर चालत गेलात तर आधी पहिल्या कॉर्नर अणूच्या केंद्रापासून त्याच्या पृष्ठभागापर्यंत r, मग लगेच मधला अणू सुरू होतो आणि त्याचा पूर्ण व्यास ओलांडायचा म्हणजे 2r, आणि मग समोरच्या कॉर्नर अणूचं r. बेरीज r + 2r + r = 4r. मध्ये कुठेच फट नाही म्हणून ही बेरीज पूर्ण लांबीएवढी होते. फट असती तर अशी बेरीज करताच आली नसती.

आता हीच लांबी a मध्ये काढायची. डब्याच्या तळाकडे बघा, तिथला कर्ण म्हणजे फेस डायगोनल, पायथागोरसने

```
फेस डायगोनल² = a² + a² = 2a²
```

म्हणजे √2a. आता हा तळाचा कर्ण एक बाजू आणि उभी कड a ही दुसरी बाजू, असा उभा काटकोन त्रिकोण बनतो, त्याचा कर्ण म्हणजे आपला बॉडी डायगोनल.

```
बॉडी डायगोनल² = 2a² + a² = 3a²
√3 a = 4r
a = 4r/√3
```

पुढे सगळं सरळ आहे. a³ = 64r³/(3√3), Z = 2, तर

```
एफिशियन्सी = 2 × (4/3)πr³ × 3√3/(64r³) = √3π/8 = 0.6802
```

६८ टक्के, रिकामी जागा ३२ टक्के. उत्तरपत्रिकेत हे दोन त्रिकोण आकृतीत वेगवेगळे काढले तर वाचणाऱ्याला लगेच दिसतं की √3 कुठून आला, मला तरी हीच सगळ्यात महत्त्वाची आकृती वाटते, सुंदर शेडिंग केलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त.

बीसीसीमध्ये कॉर्नरचे अणू कडेवर चिकटत नाहीत हे सिद्ध कसं करायचं? नुसतं मान्य करायचं का?

मान्य करायची गरज नाही, आकडा टाकून बघा. a = 4r/√3 म्हणजे a = 2.309r. कडेवर दोन अणूंनी व्यापलेली लांबी फक्त 2r. म्हणजे 0.309r ची फट उरते. फट धन आली म्हणजे ते चिकटत नाहीत.

उलटं करून बघा, समजा कडेवर चिकटले आणि a = 2r धरलं, तर बॉडी डायगोनल होतो 2√3r म्हणजे 3.46r, पण त्या रेषेवर तीन अणू मिळून 4r जागा मागतात. 3.46 मध्ये 4 मावत नाही, म्हणजे मधला अणू कॉर्नरच्या अणूंमध्ये घुसेल, कडक गोळ्यांना ते शक्य नाही.

मी बीसीसीसाठी a = 2r घेतलं तर उत्तर १०० च्या वर आलं, हे कसं?

बरोबर, १०४.७ टक्के येतं. हे उत्तर आलं की लगेच कळायला हवं की रेषा चुकीची घेतली, कारण डब्यात डब्यापेक्षा जास्त मावत नाही. चुकीच्या उत्तराकडे बघून चूक कुठली ते ओळखता येतं, म्हणून काही नेहमीचे आकडे सांगून ठेवतो.

एफसीसीमध्ये a = 2r घेतलं तर २०९ टक्के येतं. एफसीसीमध्ये फेस डायगोनलऐवजी बॉडी डायगोनल लावला, म्हणजे √3a = 4r घेतलं, तर १३६ टक्के येतं. हे दोन्ही १०० च्या वर असल्याने सापडतात. पण खरी फसगत होते ती खालच्या आकड्यांत. बीसीसीमध्ये √2a = 4r घेतलं तर ३७ टक्के येतं, आणि बीसीसीमध्ये Z एकच धरला तर ३४ टक्के. ही उत्तरं १०० च्या आत आहेत म्हणून कोणाला शंका येत नाही आणि असाइनमेंट तशीच सबमिट होते.

मग ओळखायचं कसं? बीसीसीचं उत्तर सिंपल क्युबिकच्या ५२ पेक्षा कमी आलं की थांबा. आणि कुठल्याही एका आकाराच्या गोळ्यांसाठी ७४.०५ टक्क्यांच्या वर उत्तर गेलं की तेही चूकच, मग ते ७८ आलं तरी आणि १३६ आलं तरी.

एक चूक अजून आहे, r च्या जागी व्यास टाकायची. व्यास टाकला की गोळ्याचं घनफळ आठपट होतं आणि सिंपल क्युबिकचं उत्तर ४१९ टक्के येतं. Z मध्ये कॉर्नरचे आठ अणू अख्खे मोजले तरी सिंपल क्युबिकमध्ये नेमकं हेच ४१९ येतं, त्यामुळे हा आकडा दिसला तर दोन्ही जागा तपासा.

एफसीसीमध्ये बॉडी डायगोनल का नाही घ्यायचा?

कारण त्या रेषेवर अणू चिकटलेले नाहीत. एफसीसीच्या मध्यावर अणूच नाही, मग बॉडी डायगोनलवर दोन टोकांचे कॉर्नर अणू सोडले तर बाकी सगळी मोकळी जागा आहे. मोकळ्या जागेची लांबी r मध्ये लिहिता येत नाही, म्हणून ती रेषा आपल्या कामाची नाही.

चिकटणं होतं ते फेसवर. एका फेसकडे समोरून बघा, चार कोपऱ्यांत चार अणू आणि मध्ये एक. मधला चारही कोपऱ्यांना चिकटलाय. म्हणून फेसचा कर्ण घेतला की परत तेच, r + 2r + r = 4r.

```
√2 a = 4r
a = 2√2 r
a³ = 16√2 r³
एफिशियन्सी = 4 × (4/3)πr³ / (16√2 r³) = π/(3√2) = 0.7405
```

७४ टक्के, रिकामी जागा २६ टक्के. तांबं, ॲल्युमिनियम, चांदी, सोनं, निकेल, शिसं हे सगळे या रचनेत येतात.

कडेवरची फट इथेही काढून बघा, ती मजेदार आहे. a = 2.828r, त्यातून 2r वजा केले की 0.828r उरतात. म्हणजे कडेच्या मध्यावर 0.414r त्रिज्येचा छोटा गोळा बरोबर बसेल. हा 0.414 आकडा तुम्हाला पुढे ऑक्टाहेड्रल व्हॉइडमध्ये परत भेटेल, कारण एफसीसीमध्ये कडेचा मध्य हीच ऑक्टाहेड्रल व्हॉइडची एक जागा आहे. तिथे हा आकडा वेगळा पाठ करण्यापेक्षा इथूनच काढून ठेवा.

एफसीसीचा डबा बीसीसीपेक्षा मोठा आहे, मग तो जास्त भरलेला कसा?

डबा मोठा आहे हे खरं, पण त्यात अणूही जास्त आहेत. नुसत्या डब्यांची तुलना करून काही कळत नाही, एका अणूच्या वाट्याला किती जागा येते ते बघायला हवं. r तिन्हीकडे सारखा धरला तर सिंपल क्युबिकमध्ये डबा 8r³ आणि अणू एक, म्हणजे एका अणूला 8r³. बीसीसीचा डबा 12.32r³, अणू दोन, म्हणजे एका अणूला 6.16r³. एफसीसीचा डबा 22.63r³, अणू चार, म्हणजे एका अणूला 5.66r³. अणूचं स्वतःचं घनफळ तर तिन्हीकडे 4.19r³ च आहे. म्हणजे एफसीसीमध्ये प्रत्येक अणूला सगळ्यात कमी जागा लागते आणि फुकट जाणारी जागाही सगळ्यात कमी.

असाइनमेंटमध्ये तुलना करा असं विचारलं असेल तर माझं मत आहे की हे तीन आकडे लिहावेत, नुसतं ७४ मोठं ६८ पेक्षा असं लिहून तुलना होत नाही.

शेवटी r कॅन्सल होतो, म्हणजे अणू कितीही मोठा असला तरी टक्केवारी तीच?

हो. वर r³, खाली r³, दोन्ही जातात आणि उरतो तो नुसता भूमितीचा आकडा. लिथियमचा छोटा अणू असो की सीझियमचा मोठा, दोन्ही बीसीसी आहेत तर दोन्हीकडे ६८ टक्केच. म्हणून तुम्हाला कुठल्या धातूचं नाव आणि त्याचा a दिला आणि एफिशियन्सी काढायला सांगितली तर a ची खरं तर गरज नसते, रचना कुठली ते कळलं की झालं. तरी गणितात आकडे टाकून काढा असं म्हटलं असेल तर खालचं उदाहरण बघा.

आकडे टाकून एक उदाहरण पूर्ण करून दाखवा.

सोडियम घेऊ. बीसीसी, a = 429 pm, मोलर मास २२.९९.

आधी त्रिज्या.

```
r = √3a/4 = 0.4330 × 429 = 185.8 pm
```

एका अणूचं घनफळ (4/3)π(185.8)³ म्हणजे साधारण 2.687 × 10⁷ pm³. दोन अणूंचं 5.373 × 10⁷ pm³. डब्याचं घनफळ 429³ = 7.895 × 10⁷ pm³. भागाकार 0.6806, म्हणजे ६८.०६ टक्के.

आता इथे बरेच जण अडकतात की सूत्राने तर ६८.०२ येतं, मग माझं चुकलं का. नाही चुकलं, हे राउंडिंग आहे. r खरा 185.76 आहे, आपण 185.8 घेतला, आणि r चा घन होत असल्यामुळे त्यातली छोटी चूक तिप्पट होऊन टक्केवारीत येते. r सरळ 186 घेतलात तर उत्तर ६८.३ च्या आसपास जातं. म्हणून r ला मध्येच पूर्णांकात आणू नका, कॅल्क्युलेटरमध्ये पूर्ण आकडा ठेवा आणि शेवटी एकदाच राउंड करा.

याच आकड्यांतून डेन्सिटीही तपासून घ्या, म्हणजे Z बरोबर आहे याची खात्री होते.

```
ρ = Z × M / (N_A × a³)
ρ = 2 × 22.99 / (6.022×10²³ × (4.29×10⁻⁸)³) = 0.967 g/cm³
```

सोडियमची मोजलेली डेन्सिटी ०.९७ आहे, जुळलं. समजा तुम्ही चुकून Z = 4 धरला असता तर १.९३ आलं असतं, आणि सोडियम पाण्यावर तरंगतं हे ठाऊक असेल तर ते उत्तर अशक्य आहे हे तिथेच कळलं असतं. एक लक्षात ठेवा, डेन्सिटी काढताना pm चे cm करायला विसरू नका, 1 pm = 10⁻¹⁰ cm. एफिशियन्सीच्या भागाकारात एकक वर खाली जाऊन कटतात म्हणून तिथे pm चालतं, डेन्सिटीत चालत नाही.

रचना दिलीच नाही, फक्त a आणि डेन्सिटी दिली आहे, मग एफिशियन्सी कशी सांगू?

उलट्या दिशेने जायचं. डेन्सिटीच्या सूत्रातून Z काढा आणि Z वरून रचना ओळखा. तांब्याचं बघा, a = 361.5 pm, डेन्सिटी ८.९६, मोलर मास ६३.५५.

```
Z = ρ × a³ × N_A / M
Z = 8.96 × 4.724×10⁻²³ × 6.022×10²³ / 63.55 = 4.01
```

Z चार आला, क्युबिक धातू आहे, म्हणजे एफसीसी आणि एफिशियन्सी ७४ टक्के. ४.०१ चे ४ करायला घाबरू नका, मोजलेल्या आकड्यांत तेवढा फरक असतोच. पण ३.४ किंवा २.६ असं काही आलं तर ते राउंड करून जवळचा आकडा लिहू नका, तिथे नक्कीच एककात किंवा घन करताना गडबड झालेली असते, मागे जाऊन बघा.

पॅकिंग एफिशियन्सी जास्त म्हणजे डेन्सिटी जास्त, असं लिहिलं तर चालेल का?

सरसकट नाही. टंगस्टन बीसीसी आहे, ६८ टक्के, तरी त्याची डेन्सिटी १९.३. ॲल्युमिनियम एफसीसी आहे, ७४ टक्के, तरी डेन्सिटी फक्त २.७०. डेन्सिटीत अणूचं वजन आणि त्याची त्रिज्या दोन्ही येतात आणि एफिशियन्सीमध्ये दोन्ही येत नाहीत. तोच अणू, तीच त्रिज्या आणि फक्त रचना बदलली, एवढी अट घातली तरच ते वाक्य खरं ठरतं.

पण तोच अणू रचना बदलतो असं खरंच होतं का?

होतं, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लोखंड आहे. साध्या तापमानाला लोखंड बीसीसी असतं आणि तापवत नेलं की ९१२ अंश सेल्सियसला ते एफसीसी होतं. तापवल्यावर वस्तू प्रसरण पावते हे आपण सगळे शिकलोय, पण इथे त्या तापमानाला लोखंड आकसतं, कारण अणू जास्त दाटीने बसतात.

आता आपल्या आकड्यांवरून किती आकसायला हवं ते काढा. एका अणूला 6.16r³ वरून 5.66r³, म्हणजे जवळपास ८ टक्के घट. प्रत्यक्षात मात्र घट फक्त साधारण १ टक्का होते. हा फरक का, हे समजून घेण्यासारखं आहे. आपण दोन्हीकडे r सारखा धरला, आणि खरा अणू तसा वागत नाही. बीसीसीमध्ये अणूला आठ शेजारी चिकटलेले असतात, एफसीसीमध्ये बारा. शेजारी वाढले की प्रत्येकाशी असलेला बंध थोडा सैल होतो आणि अणूंमधलं अंतर थोडं वाढतं, म्हणजे r थोडा मोठा होतो. दाटीमुळे जी जागा वाचली त्यातली बरीचशी या वाढलेल्या r ने परत घेतली. म्हणजे ६८ आणि ७४ हे आकडे चुकीचे नाहीत, पण एका धातूच्या दोन रूपांची तुलना करताना r तोच राहतो हे गृहीतक टिकत नाही.

बीसीसीमध्ये मधल्याला आठ शेजारी आहेत हे दिसतं, पण कॉर्नरच्या अणूला किती?

त्यालाही आठच. डबा आपण सोयीसाठी आखलाय, अणूंना तो ठाऊक नाही. कॉर्नरच्या अणूभोवती आठ डबे आहेत आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक अणू आहे, तो त्याला चिकटलाय. तुम्ही डबा अर्धा सरकवला तर कॉर्नरचा अणू मध्यावर येतो आणि मधला कॉर्नरला जातो, चित्र तेच राहतं.

७४ च्या वर जाऊच शकत नाही का? कोणी तपासलंय का?

सारख्या आकाराच्या गोळ्यांसाठी नाही जाऊ शकत. योहानेस केप्लरने १६११ मध्ये म्हटलं होतं की यापेक्षा दाट रचना शक्य नाही, पण सिद्धता त्याच्याकडे नव्हती. ती थॉमस हेल्सने १९९८ मध्ये कॉम्प्युटरच्या मदतीने दिली, आणि तपासणाऱ्यांना तिची पूर्ण खात्री देता येईना म्हणून त्याने आणि त्याच्या टीमने पुढे तिची प्रत्येक पायरी कॉम्प्युटरकडून औपचारिक तर्काने तपासून घेतली, ते काम २०१४ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे π/(3√2) हा आकडा जवळजवळ चारशे वर्षं नुसता खरा वाटत होता.

वेगवेगळ्या आकाराचे गोळे घेतले तर मात्र ही मर्यादा लागू नाही, मोठ्यांच्या व्हॉइडमध्ये छोटे बसवले की ७४ च्या वर जाता येतं. म्हणून सोडियम क्लोराइडसारख्या आयनिक क्रिस्टलला ही तीन सूत्रं लावू नका, तिथे दोन वेगळ्या त्रिज्या आहेत आणि कडेवर एकाआड एक आयन चिकटतात.

एचसीपी पण ७४ टक्के आहे असं वाचलं, मग तो आणि एफसीसी एकच का?

एक नाहीत पण दाटी एकच. दोन्हीत अणूंचे सपाट थर सारखेच दाट असतात आणि प्रत्येक थर खालच्या थराच्या खाचांत बसतो. फरक तिसऱ्या थरात पडतो, एचसीपीमध्ये तिसरा थर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येतो आणि एफसीसीमध्ये तो तिसऱ्याच जागी बसून चौथा थर पहिल्यावर येतो. थर कुठे सरकला याने जागा कमी जास्त होत नाही, म्हणून दोन्हीकडे ७४ आणि दोन्हीकडे बारा शेजारी.

रिकामी जागा खरंच रिकामी असते का?

कडक गोळ्यांच्या मॉडेलमध्ये हो. खऱ्या धातूत नाही, कारण अणूला अशी ठरावीक कडा नसते आणि धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरलेले असतात. आपण r म्हणतो ते खरं तर दोन शेजारच्या केंद्रकांमधल्या अंतराचं अर्धं असतं, एक्स-रे डिफ्रॅक्शनने आधी a मोजतात आणि त्यातून r काढतात. पण या जागा कामाच्या असतात हे नक्की, लोखंडात कार्बनचे छोटे अणू याच व्हॉइडमध्ये शिरतात आणि स्टील बनतं. यातही एक गोष्ट आहे की बीसीसीमध्ये एकूण रिकामी जागा जास्त असली तरी ती बारीक बारीक तुकड्यांत विखुरलेली आहे, आणि एफसीसीमध्ये एकूण जागा कमी असून एकेक ऑक्टाहेड्रल व्हॉइड मोठा आहे. म्हणून एफसीसी लोखंडात कार्बन कितीतरी जास्त विरघळतो. नुसती टक्केवारी बघून कोणी उलटं उत्तर लिहिलं तर ते चुकेल.

उत्तर लिहिताना कुठल्या क्रमाने लिहू?

आकृती, मग Z आणि तो कसा आला ते एका ओळीत, मग कुठल्या रेषेवर अणू चिकटलेत ते शब्दात एक वाक्य, मग त्यातून a आणि r चं नातं, मग a³, मग सूत्रात टाकून उत्तर, आणि शेवटी १०० मधून वजा करून रिकामी जागा. यातलं शब्दातलं वाक्य सगळ्यात जास्त गाळलं जातं, लोक सरळ √3a = 4r पासून सुरू करतात. तिथे "मधला अणू बॉडी डायगोनलवर दोन्ही टोकांच्या कॉर्नर अणूंना चिकटलेला आहे" एवढं लिहा, कारण त्याच्याशिवाय पुढचं समीकरण कुठून आलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. π ची किंमत २२/७ घेतलीत तर एफसीसीचं उत्तर ७४.०८ येतं, ३.१४१६ घेतलीत तर ७४.०५, दोन्ही ७४ च आहेत, पण एका असाइनमेंटमध्ये दोन्ही मिसळू नका.